बाटली कुडाळात फुगते, पुण्यात गळते

पुण्यातल्या ग्राहकाला खोकं मिळतं तेव्हा त्याचा एक कोपरा लाल झालेला असतो. आत अमृत कोकमच्या दोन बाटल्यांपैकी एक अर्धी रिकामी, दुसरी चिकट, आणि सोबत पाठवलेली आमसुलांची पिशवी पाकात भिजलेली. ग्राहक फोटो काढून पाठवतो, विक्रेता कुरिअरवाल्याला बोल लावतो आणि पुढच्या वेळी झाकणावर चिकटपट्टीचे आणखी चार वेढे मारतो. पुढचं पार्सलही गळतं, कारण आधीचं का गळलं हे कोणी पाहिलेलंच नसतं.

कोकणातल्या घरगुती मालापैकी ऑनलाइन विक्रीसाठी सगळ्यात अवघड काय असेल, तर कोकमचं पातळ रूप. आमसूल, कुळथाचं पीठ, काजूगर, तिरफळं पिशवीत घालून सील केली की बहुतेक काम झालं. आगळ आणि अमृत कोकम मात्र पाठवणाऱ्याची परीक्षा घेतात. म्हणून टिकाऊपणा, गळती आणि परवाना या तिन्ही गोष्टी याच एका पदार्थाच्या आधाराने समजून घेणं सोयीचं. वरवर त्या वेगळ्या दिसतात, पण एकीची चूक दुसरीत उघडी पडते.

कुडाळ तालुक्यात रातांब्यांच्या हंगामात घरी अमृत कोकम करून विकणाऱ्या एका काकींनी मला गळून परत आलेली बाटली हातात दिली आणि म्हणाल्या, “ही गळूक नाय हां, ही फुगली.” बाटलीच्या तोंडावरचा चांदीसारखा पडदा बाहेरच्या बाजूला टरारलेला होता. एका कडेने तो सुटला होता आणि तिथून पाक बाहेर आला होता. नाकाशी धरल्यावर आंबूस, किंचित दारूसारखा वास येत होता. कुरिअरवाल्याने ही बाटली आपटली नव्हती. आत पाक आंबला, वायू तयार झाला आणि त्याने वाट काढली.

गळलेली बाटली अशी वाचता आली की अर्धं काम होतं. पडदा बाहेर फुगलेला आणि उघडताना फुस्स आवाज, म्हणजे पाक आंबला. पडदा सपाट, पण कुठेतरी कडेला न चिकटलेला आणि तिथे साखरेचा थर, म्हणजे सील करताना बाटलीची कड ओली होती. बाटलीचा गळा किंवा खांदा वेडावाकडा झालेला आणि झाकण तिरकं, म्हणजे पाक गरम असतानाच भरला. यातलं एकही कारण प्रवासातलं नाही. तिन्ही स्वयंपाकघरातली आहेत.

आधी आंबण्याचं पाहू. अमृत कोकम करताना पिकलेले रातांबे धुऊन, फोडून आतला गर आणि बिया काढतात आणि सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावतात. सालींच्या वजनाच्या साधारण दुप्पट साखर लागते. रोज ढवळत राहिलं की आठवडाभरात साखर सालीतला रस ओढून घेते आणि गडद लाल पाक तयार होतो. तो गाळून घेतात. पारंपरिक पद्धतीत इथे चूल पेटवावी लागत नाही, आणि रंग-चवीच्या दृष्टीने तेच उत्तम. पण सालीवर मुळातच असलेलं यीस्ट त्यामुळे जिवंत राहतं.

कोकम फार आंबट असतं, सामू २ च्या आसपास. इतक्या आंबटपणात विषबाधा करणारे बहुतेक जंतू वाढू शकत नाहीत, त्यामुळे त्या बाबतीत हा पदार्थ बराच सुरक्षित आहे. यीस्ट आणि बुरशीला मात्र आंबटपणाचं काही वाटत नाही. त्यांना रोखते ती साखर, कारण दाट पाकातलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं आणि ते त्यांच्या वाट्याला येत नाही. आगळात हेच काम मीठ करतं. मीठ हात राखून घातलं की काही आठवड्यांत आगळावर पांढरी साय धरते.

म्हणून पाक किती दाट आहे हे जिभेने किंवा तारेवरून ठरवणं विक्रीच्या मालाला पुरत नाही. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं हातात मावणारं, फार महाग नसलेलं उपकरण मिळतं. काचेवर पाकाचा थेंब टाकून उजेडाकडे पाहिलं की ब्रिक्सचा आकडा दिसतो. १०० ग्रॅम पाकात साधारण किती ग्रॅम साखर विरघळली आहे, ते हा आकडा सांगतो. फळांच्या सिरपसाठी अन्नसुरक्षा नियमांत किमान ६५ टक्के विद्राव्य घटक आणि किमान २५ टक्के रस अशी अट आहे. घरगुती माल ६८ च्या आसपास ठेवावा, म्हणजे थोडी जागा हाताशी राहते. मोजताना एक काळजी घ्यायची: बरणीच्या तळाशी पाक दाट असतो आणि वर पातळ. नीट ढवळल्याशिवाय घेतलेला आकडा फसवतो, आणि गरम पाकावर घेतलेलाही.

समजा, गाळलेला १० किलो पाक आहे आणि आकडा ६० आला. म्हणजे त्यात ६ किलो साखर आणि ४ किलो पाणी व इतर. आकडा ६८ करायचा तर ते ४ किलो एकूण वजनाच्या ३२ टक्के व्हायला हवेत, म्हणजे एकूण पाक साडेबारा किलो हवा. अडीच किलो साखर आणखी घालायची. अंदाजाने घालणारा बहुधा एक किलोवर थांबतो आणि पाक ६३-६४ वर राहतो. हाच पाक पंधरा दिवस घरात शांत बसतो आणि जूनच्या दमट गोदामात फुगतो. पावसाची पहिली सर पडल्यानंतर उतरवलेल्या रातांब्यांत पाणी जास्त असतं. त्या फळांच्या पाकाला एप्रिलचं प्रमाण लावलं की हमखास कमी पडतं. दर घाण्याला मोजणं भाग आहे ते यासाठीच.

ज्यांना पाक महिनोन् महिने विकायचा आहे, ते गाळल्यावर तो ८०-८५ अंशांपर्यंत थोडा वेळ तापवतात. त्यात यीस्ट मरतं, लाल रंग मात्र थोडा उतरतो. काही जण परिरक्षक वापरतात. इथे सोडियम बेन्झोएट चालतं, कारण आंबट पदार्थात ते नीट काम करतं. आंबा-लिंबाच्या स्क्वॅशमध्ये वापरतात ती केएमएस पावडर कोकमात घातली तर लाल रंग फिका पडतो. परिरक्षकाला नियमाने कमाल मर्यादा आहे, ते ग्रॅमच्या काट्यावर मोजूनच घालायचं आणि लेबलवर लिहायचं. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं लिहून आत बेन्झोएट घालणं ही सरळ फसवणूक आहे, आणि प्रयोगशाळेत ती लगेच पकडली जाते.

तापवलेला पाक पूर्ण निवल्याशिवाय बाटलीत भरायचा नाही. नेहमीची पेट बाटली ७० अंशांच्या आसपास मऊ पडते. गळा जरा जरी आकसला तरी झाकणाचे आटे नीट बसत नाहीत. याहून लपलेलं नुकसान वाफेचं. पाक कोमट असताना झाकण लावलं की आतली वाफ झाकणाखाली थेंबांच्या रूपाने जमते आणि परत पाकावर पडते. खालचा पाक ६८ चा असतो, पण वरचा पातळ थर जवळजवळ पाण्यासारखा होतो, आणि बुरशीची पहिली कडी नेमकी तिथेच, गळ्याशी, धरते. पाक बरोबर केला, साखर मोजली, तरी बुरशी आली असं जे सांगतात, त्यांनी आधी भरतानाचं तापमान तपासावं.

आता तारीख. लेबलवर ‘सहा महिने टिकते’ असं लिहायचं तर ते कशावरून? शेजारणीच्या लेबलवरून उतरवलेली मुदत शेजारणीच्या पाकाची असते. प्रत्येक घाण्यातल्या काही बाटल्या विकायच्या नाहीत, ठेवून द्यायच्या. कुडाळच्या काकी एका घाण्यातल्या डझनभर बाटल्या बाजूला काढतात. अर्ध्या सावलीतल्या कपाटात आणि अर्ध्या पत्र्याखालच्या माळ्यावर, जिथे उन्हाळ्यात चांगलाच उकाडा असतो. दर महिन्याला दोन्हीकडची एकेक बाटली फोडून पाहायची. पडदा फुगला आहे का, गळ्याशी कडी धरली आहे का, वास कसा येतो, ब्रिक्स उतरला का, आणि नव्या पाकाशेजारी पेल्यात ओतल्यावर रंग किती तपकिरी दिसतो. बहुतेक वेळा पाक नासण्याआधी रंग जातो. कोकमचा लाल रंग उजेडाने आणि उष्णतेने विटतो. तपकिरी झालेला पाक पिऊन कोणी आजारी पडणार नाही, पण ग्राहक दुसऱ्यांदा मागवणारही नाही. म्हणून मुदत रंगावरून ठरवावी. माळ्यावरच्या बाटलीचा रंग पाचव्या महिन्यात उतरला असेल, तर लेबलवर चार महिने लिहावेत, कारण माल वाटेत कुठे तापेल हे आपल्या हातात नसतं. या घरच्या तपासणीला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा एक अहवाल जोडला की मुदत ठामपणे सांगता येते.

मुदत आखूड असली की ऑनलाइन विक्रीचं गणितही बदलतं. मोठ्या संकेतस्थळांना प्राधिकरणाने २०२४ च्या अखेरीस सांगितलं की ग्राहकाच्या हातात पडताना मालाची किमान ३० टक्के किंवा ४५ दिवसांची मुदत शिल्लक असली पाहिजे. चार महिन्यांच्या पाकाचे ४५ दिवस असे राखून ठेवले, तर विकायला अडीच महिनेच उरतात. मेमध्ये भरलेल्या बाटल्या ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत संपायला हव्यात. त्यामुळे सगळा पाक एकदम बाटल्यांत भरू नये. मोठ्या डब्यांत थंड, अंधाऱ्या जागी ठेवून लागेल तसा भरणारे शहाणे. मात्र त्यात तारखेचा एक पेच आहे, त्याकडे शेवटी येतो.

पाक ठीक, आता तोंड बंद करणं. घट्ट फिरवलेलं झाकण एकटं कधीच पुरत नाही. खोकं वाटेत आडवं होतं, उलटं होतं. ‘ही बाजू वर’ हा बाण कोणी पाहणार नाही असं धरूनच पॅकिंग करायचं. भरवशाचा उपाय इंडक्शन सीलचा. झाकणाच्या आत एक चकती येते, तिच्यात ॲल्युमिनियमचा पातळ पडदा आणि त्याला प्लास्टिकचा थर असतो. झाकण लावलेल्या बाटलीवर सीलिंग यंत्र धरलं की पडदा तापतो आणि बाटलीच्या कडेला वितळून चिकटतो. घरगुती उद्योगाला हातात धरायचं यंत्र पुरतं. चकती विकत घेताना बाटली पेटची आहे हे दुकानदाराला सांगा. दुसऱ्या प्लास्टिकसाठीची चकती पेटला वरवर धरते आणि प्रवासात सुटते.

सील फसतं ते बहुतेक कडेवरच्या थेंबामुळे. पाक भरताना नरसाळं काढलं की एक थेंब कडेवर ओघळतो, आणि साखरेच्या त्या थराला पडदा चिकटत नाही. प्रत्येक बाटलीची कड आधी ओल्या आणि मग कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त पैसे तेच वाचवतं. सील झाल्यावर झाकण किंचित सैल पडतं, कारण चकतीतलं मेण वितळून थर पातळ होतो. बाटली निवली की झाकण पुन्हा आवळायचं. मग दर घाण्यातली एखादी बाटली उघडून पडदा कडेभर सारखा चिकटला आहे का ते पाहायचं. बाकीच्या रात्रभर जुन्या वर्तमानपत्रावर उलट्या ठेवायच्या. सकाळी कागदावर लाल ठिपका दिसला तर ती बाटली घरी वापरायची.

आगळाच्या बाबतीत आणखी एक. मीठ आणि आम्ल एकत्र आलं की धातू टिकत नाही. काचेच्या बाटलीवरची पत्र्याची झाकणं आतून गंजतात, म्हणून आगळाला प्लास्टिकचंच झाकण हवं. काच पाठवायचीच असेल तर खर्च आणि फूट दोन्ही धरून किंमत ठेवावी लागते.

खोक्याचं गणित बरेच जण पहिलं बिल आल्यावर शिकतात. दाट पाक पाण्यापेक्षा जड असतो. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ६६५ ग्रॅम पाक मावतो. दोन बाटल्या, फुगेवाला कागद आणि पाच पदरी खोकं मिळून जवळपास १ किलो ६५० ग्रॅम. पण कुरिअर कंपन्या आकारमानाचंही वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात आणि दोन्हींत जे जास्त त्याचे पैसे घेतात. २८ × २२ × १४ चं खोकं घेतलं तर उत्तर १.७२ किलो, म्हणजे खऱ्या वजनाच्या जवळ. हाताशी होतं म्हणून ३२ × २४ × १८ चं घेतलं तर पावणेतीन किलो. वर रिकामी जागा राहते ती वेगळीच, आणि त्या जागेत बाटल्या एकमेकींवर आपटतात. खोकं मालाच्या मापाचंच हवं.

प्रत्येक बाटली आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड सील करावं. सगळं चुकलं तरी पाक पिशवीतच राहतो आणि शेजारची आमसुलं वाचतात. मग फुगेवाला कागद, गळ्याशी एक वेढा जास्त, आणि दोन बाटल्यांमध्ये पुठ्ठ्याचा पडदा. खोक्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही फटींवर, कडांसकट, टेप मारायची. नवीन खोकं किंवा नवीन बाटली आणली की एक भरलेलं पार्सल कमरेच्या उंचीवरून कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट टाकून पाहायचं. हे आपल्या अंगणात केलेलं बरं. आणखी एक, विमानाने जाणाऱ्या पार्सलात बरेच कुरिअर द्रव घेत नाहीत. काय पाठवतोय हे खरं सांगून रस्त्याने जाणारी सेवा मागावी. आत पाक असताना ‘मसाला’ असं लिहून पाठवलेलं पार्सल गळलं तर भरपाई मागायलाही तोंड उरत नाही.

परवान्याबद्दल भीती फार आणि माहिती थोडी, असं दिसतं. घरातून व्हॉट्सॲपवर दहा बाटल्या विकल्या तरी तो अन्नव्यवसाय आहे, आणि २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली त्याला नोंदणी लागते. छोट्या उत्पादकाला नोंदणी आणि मोठ्याला परवाना, असे दोन टप्पे आहेत. २०११ च्या नियमांनी ही रेघ वर्षाला १२ लाख रुपये उलाढालीवर आखली होती. अशा मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज भरताना पोर्टलवरची चालू मर्यादा पाहावी. अर्ज foscos.fssai.gov.in वर घरबसल्या भरता येतो. नोंदणीला छायाचित्र, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा हे मुख्य कागद. जिथे पाक खरोखर होतो तोच पत्ता द्यायचा. मुंबईच्या घराचा पत्ता देऊन गावी माल करणं चालत नाही. मिळालेला चौदा आकडी क्रमांक प्रत्येक बाटलीवर छापायचा, आणि मोठ्या संकेतस्थळावर माल लावतानाही आधी तोच मागतात.

लेबलवर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, घाण्याचा क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपण्याची तारीख, शाकाहाराची हिरवी खूण आणि साठवणुकीची सूचना हवी. किंमत आणि तक्रारीसाठीचा संपर्क वजनमाप नियमांमुळे लागतो. यातला घाण्याचा क्रमांक अनेक जण कोरा सोडतात किंवा सगळ्या बाटल्यांवर एकच टाकतात. पण एक बाटली फुगल्याचा फोन आला की उरलेल्या कोणत्या परत मागवायच्या, हे त्याच क्रमांकावरून कळतं. काकींच्या वहीत प्रत्येक क्रमांकापुढे रातांबे कुणाच्या बागेतले, साखर किती, ब्रिक्स किती आणि भरतानाचं तापमान किती, एवढंच असतं. चार ओळींत घाण्याची सगळी कुंडली मिळते.

आता तो तारखेचा पेच. ऑनलाइन ‘गावचं आगळ’ विकणारे बरेच जण स्वतः रातांबे फोडत नाहीत. ते गावातून कॅनमध्ये आगळ आणतात आणि शहरात बाटल्यांत भरून आपलं लेबल लावतात. यात गैर काहीच नाही, मात्र मग ते पुनर्पॅकिंग करणारे ठरतात. त्यांनी नोंदणीत व्यवसायाचा तोच प्रकार निवडायला हवा, आपल्या भरण्याच्या जागेचा पत्ता द्यायला हवा, आणि ज्याच्याकडून माल घेतला त्याच्या नोंदणीची प्रत जपायला हवी. मेमध्ये केलेलं आगळ नोव्हेंबरात बाटलीत भरलं म्हणून ते नोव्हेंबरचं होत नाही. कॅनमध्ये त्याचे सहा महिने गेलेले असतात आणि मुदत त्या मेपासूनच धरावी लागते. कॅनवर बनवल्याची तारीख लिहून द्यायला पुरवठादार तयार नसेल, तर तो कॅन घेऊ नये.